कांदा साठवणुकीच्या अंदाजपत्रकात तीन परिस्थिती शेजारी शेजारी कशा मांडाव्यात

प्रश्न: आमची शेतकरी उत्पादक कंपनी सभासदांकडून उन्हाळ कांदा घेते, चाळीत साठवते आणि ऑगस्टपासून विकते. खेळत्या भांडवलाच्या कर्जासाठी बँकेने चांगली, अपेक्षित आणि वाईट अशा तीन परिस्थिती एकाच अंदाजपत्रकात शेजारी शेजारी मागितल्या आहेत. मी अपेक्षित आकडे धरले, चांगल्यासाठी उत्पन्न २० टक्क्यांनी वाढवून खर्च २० टक्क्यांनी कमी केला, वाईटासाठी त्याच्या उलट केलं. संचालक म्हणतात, यातून काहीच कळत नाही. काय बदलू?

उत्तर:

वीस टक्क्यांचा नियम आधी काढून टाका. तुमच्या धंद्यात वाईट वर्ष आलं म्हणून खर्च २० टक्क्यांनी वाढत नाही. खरेदीचे पैसे मे अखेरपर्यंत सभासदांना देऊन झालेले असतात. चाळीचं भाडं, राखणदाराचा पगार, विम्याचा हप्ता हे भाव कोसळला तरी तेवढेच आणि चढला तरी तेवढेच. वाईट वर्षात खर्च जागेवर राहतो आणि उत्पन्न कोसळतं. तुमच्या तक्त्यात हे दिसत नाही, म्हणून संचालकांना तो पटत नाही.

कागदावर बसण्याआधी अंदाजपत्रकातल्या ओळींचे दोन ढीग करा. तुम्ही ठरवता त्या गोष्टी एका ढिगात: किती क्विंटल घ्यायचा, जास्तीत जास्त काय भावाने घ्यायचा, किती कर्ज उचलायचं. जग ठरवतं त्या दुसऱ्या ढिगात: चाळीत घट किती येईल, विकताना काय भाव मिळेल, माल किती महिने पडून राहील. पहिल्या ढिगातले आकडे तिन्ही स्तंभांत अगदी सारखे असले पाहिजेत. चांगल्या स्तंभात १,२०० ने खरेदी आणि वाईट स्तंभात १,४०० ने, असं केलंत तर तीन परिस्थितींऐवजी तीन वेगवेगळ्या कंपन्या शेजारी उभ्या राहतात. मग निकालातला किती फरक तुमच्या निर्णयामुळे पडला आणि किती बाजारामुळे, हे कोणालाच सांगता येत नाही.

दुसऱ्या ढिगातल्या ओळी सुट्या बदलायच्या नाहीत, कारण कांद्यात त्या एकमेकींना बांधलेल्या आहेत. पावसाळा लांबला, हवेत दमटपणा राहिला की चाळीतला कांदा सडतो आणि कोंब धरतो. पण असा पाऊस फक्त तुमच्या चाळीवर पडत नाही. जिल्हाभरातल्या चाळी खराब होतात, त्यातच खरिपाचा लाल कांदा उशिरा येतो, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये भाव चढतो. म्हणजे चांगल्या भावाच्या वर्षात घटही बहुतेकदा जास्तच असते. ‘सर्वात कमी घट आणि सर्वात जास्त भाव’ असा चांगला स्तंभ कागदावर छान दिसतो, पण तसं वर्ष क्वचितच येतं. म्हणून प्रत्येक स्तंभाच्या डोक्यावर एका वाक्यात त्या वर्षाची गोष्ट लिहा आणि खालचे सगळे आकडे त्या गोष्टीतून काढा.

वाईट वर्षाची गोष्ट शोधायला लांब जायला नको. १९ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्र सरकारने कांदा निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं. तेव्हा उन्हाळ कांदा चाळींत भरलेला होता. ८ डिसेंबर २०२३ पासून निर्यातच बंद झाली. ती ४ मे २०२४ ला उघडली तेव्हा टनाला ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य होतं आणि ४० टक्के शुल्कही होतं. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान मूल्य गेलं, शुल्क २० टक्क्यांवर आलं, आणि १ एप्रिल २०२५ पासून शुल्क पूर्ण उठलं. या सगळ्या क्रमात अंदाजपत्रकाच्या दृष्टीने सर्वात महत्त्वाची तारीख पहिली आहे. निर्णय आला तेव्हा खरेदी संपलेली होती आणि विक्रीचा हंगाम नुकताच सुरू होत होता. तुमची वाईट परिस्थिती ही अशीच असावी: होऊन गेलेली, पुन्हा होऊ शकणारी, आणि माल अंगावर असताना येणारी. चाळ जळाली, पूर आला, व्यवस्थापक पळाला हे सगळं त्याच स्तंभात कोंबू नका. आग आणि पूर विम्याच्या कागदात बघायचे. इतकं सगळं एकदम वाईट दाखवलंत की संचालक तो स्तंभ ‘असं काही होत नसतं’ म्हणून सोडून देतात आणि मग तो केल्याचा उपयोग राहत नाही.

आता एक उदाहरण पूर्ण करून दाखवतो. आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत, तुमच्या खतावणीतले घालून बघा. कंपनी ५,००० क्विंटल कांदा सरासरी १,३०० रुपयांनी घेते. ६० लाख कर्ज ११ टक्क्यांनी, म्हणजे महिन्याला ५५ हजार व्याज. स्वतःचे २२ लाख. माल आणणं, निवडणं, चाळीत भरणं यासाठी क्विंटलला ८० रुपये. विकताना पुन्हा निवड, गोणी, हमाली आणि वाहतूक मिळून क्विंटलला १५० रुपये. वर्षाचा स्थिर खर्च ९ लाख.

स्तंभांच्या गोष्टी अशा. अपेक्षित: पाऊस नेहमीसारखा, निर्यात खुली, ऑगस्ट ते ऑक्टोबर विक्री. चांगली: परतीचा पाऊस लांबतो, सगळीकडे साठा सडतो, लाल कांदा उशिरा येतो. वाईट: ऑगस्टच्या मध्यात निर्यातीवर बंधन येतं, भाव पडतो, सुधारेल या आशेने माल थांबवला जातो आणि थांबल्यामुळे घट वाढते.

| (रक्कम लाख रुपयांत) | अपेक्षित | चांगली | वाईट |
|---|---|---|---|
| घट | ३०% | ३६% | ३८% |
| विक्रीला उरलेला माल (क्विंटल) | ३,५०० | ३,२०० | ३,१०० |
| सरासरी विक्री भाव (रुपये) | २,६०० | ३,४०० | १,६०० |
| विक्री | ९१.०० | १०८.८० | ४९.६० |
| खरेदी | ६५.०० | ६५.०० | ६५.०० |
| आणणं, भरणं | ४.०० | ४.०० | ४.०० |
| स्थिर खर्च | ९.०० | ९.०० | ९.०० |
| व्याज | २.७५ | २.७५ | ३.३० |
| विक्रीखर्च | ५.२५ | ४.८० | ४.६५ |
| शिल्लक | ५.०० | २३.२५ | −३६.३५ |

शेवटची ओळ तुमच्या पद्धतीशी ताडून बघा. याच अपेक्षित आकड्यांवर २० टक्क्यांचा नियम लावला असता तर चांगल्या वर्षी ४०.४० लाख नफा आणि वाईट वर्षी ३०.४० लाख तोटा दिसला असता. म्हणजे मिळण्यासारखं जास्त आणि जाण्यासारखं कमी. खरं चित्र उलटं आहे: अपेक्षितपासून वर जायला १८ लाखांची जागा आहे आणि खाली पडायला ४१ लाखांची. भाव कितीही चढला तरी घट त्यातला वाटा खाते, आणि भाव पडला की घट व व्याज दोन्ही तुमच्या विरोधात जातात. संचालकांना तक्त्यातून कळायला हवं ते हे.

अपेक्षित स्तंभाखाली एक ओळ मी नेहमी जास्तीची देतो: ना नफा ना तोटा होणारा भाव. इथे ८६ लाखांचा एकूण खर्च ३,५०० क्विंटलवर टाकला की २,४५७ रुपये येतो. आपण धरलेला भाव २,६००. दोन्हींत फक्त १४३ रुपयांचं अंतर आहे. लासलगावला दोन-तीन दिवसांत भाव एवढा हलतो. वरचा पाच लाखांचा नफा किती पातळ आहे हे या एका ओळीने जितकं कळतं तितकं कुठल्याही टक्केवारीने कळत नाही.

पण बँकेला नफ्यापेक्षा दुसरीच ओळ हवी असते, आणि बहुतेक अंदाजपत्रकांत ती नसतेच. ती म्हणजे महिनाअखेरची रोख शिल्लक. वार्षिक तक्त्याखाली त्याच तीन स्तंभांत एप्रिल ते मार्च अशा बारा ओळी घाला. उदाहरणात स्वतःचे २२ आणि कर्जाचे ६० मिळून ८२ लाखांनी सुरुवात होते. खरेदी आटोपून मे अखेर १०.९५ लाख उरतात आणि जुलै अखेर ८.३५ लाख. इथपर्यंत तिन्ही स्तंभ सारखेच आहेत, कारण विक्री सुरूच झालेली नाही. ते सारखे आले नाहीत तर तक्त्यात कुठेतरी गडबड आहे असं समजा.

ऑगस्टपासून वाटा फुटतात. अपेक्षित स्तंभात ऑगस्टला १,००० आणि सप्टेंबरला १,५०० क्विंटल विकले जातात आणि सप्टेंबर अखेर ६७ लाख जमतात. कर्ज फेडून सात लाख हातात राहतात. वाईट स्तंभात ऑगस्टला ५००, सप्टेंबरला १,००० आणि ऑक्टोबरला उरलेले १,६०० क्विंटल जातात. ३१ ऑक्टोबरला कर्ज फेडायचं आहे आणि हातात आहेत ४९.४० लाख. तूट १०.६० लाख. व्यापाऱ्याने ऑक्टोबरच्या विक्रीचे अर्धे पैसे नोव्हेंबरवर ढकलले तर त्या दिवशीची तूट २३.४० लाखांवर जाते. वार्षिक शिल्लक दोन्ही प्रसंगांत तीच राहते, उणे ३६.३५, पण कर्ज थकणार की नाही हे उधारीवर ठरतं. म्हणून ‘विक्रीचे पैसे किती दिवसांनी येतात’ ही ओळसुद्धा दुसऱ्या ढिगात, परिस्थितीनुसार बदलणाऱ्या आकड्यांत घाला. प्रत्येक स्तंभातली सर्वात कमी रोख शिल्लक आणि तिचा महिना पहिल्या पानावर वर आणा. शाखाधिकारी आधी तिथेच बघतो.

यानंतर संचालक विचारतात, ‘मग करायचं काय?’ याचं उत्तर त्याच कागदावर असावं, पण वाईट स्तंभाच्या आत मिसळून नको. आधी काही न करता काय होतं ते दाखवायचं, मग त्याखाली निर्णय बदलला तर काय होतं ते, पुन्हा तिन्ही स्तंभांत. नुसत्या वाईट स्तंभात उपाय दाखवला की तो फुकट वाटतो. प्रत्येक उपायाची किंमत चांगल्या आणि अपेक्षित वर्षात मोजावी लागते, आणि ती शेजारी दिसली तरच मंडळाला खरा निर्णय घेता येतो.

आपल्या उदाहरणात उपाय असा धरू: भाव काहीही असो, खरेदीतला ४० टक्के माल जुलैमध्ये विकायचा आणि त्यातून २५ लाख कर्ज लगेच फेडायचं. जुलैपर्यंत घट १५ टक्के आणि भाव १,८०० धरला, तर वाईट वर्षाचा तोटा ३६.३५ वरून २५.५९ लाखांवर येतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ३१ ऑक्टोबरला कर्ज पूर्ण फिटतं आणि १६ हजार रुपये उरतात. अगदी काठावर, पण खातं थकत नाही. आता याची किंमत बघा. चांगल्या वर्षाचा नफा २३.२५ वरून १०.१६ वर येतो आणि अपेक्षित वर्ष ५ लाख नफ्यातून ७९ हजार तोट्यात जातं.

असा आकडा आला की पुष्कळ जण तो लपवायला बघतात. तुम्ही तो तसाच मांडा. त्यातून चर्चा योग्य ठिकाणी जाते: अपेक्षित वर्षही शून्याच्या आसपास येत असेल, तर आपण खरेदीच महाग करतोय का? सरासरी खरेदी भाव १,३०० ऐवजी १,२५० ठरवला की प्रत्येक स्तंभात अडीच लाखांचा फरक पडतो. जुलैची विक्री धरून अपेक्षित १.७१ लाख नफा, चांगल्या वर्षी १२.६६ लाख नफा, वाईट वर्षी २३.०९ लाख तोटा. हे ५० रुपये सभासदांच्या खिशातून येतात, आणि तुमचे संचालक स्वतः सभासद आहेत. त्यामुळे हा पर्याय कागदावर स्पष्ट ‘सभासदांना क्विंटलमागे ५० रुपये कमी’ असा लिहा. वर्ष चांगलं गेलं तर अधिभाव देण्याचा ठराव त्याच सभेत करता येतो. कोणता पर्याय घ्यायचा हे मंडळाने ठरवायचं. मला विचाराल तर ३१ ऑक्टोबरला ज्या पर्यायात कर्ज थकतं तो मी मांडेन, पण मंजुरीसाठी सुचवणार नाही. एकदा खातं थकलं की पुढच्या एप्रिलला खरेदीला पैसे मिळणं अवघड होतं आणि मग सभासद मिळेल त्या भावाला माल घेऊन बाजार समितीत जातो.

आता एक्सेलबद्दल. तीन परिस्थितींसाठी तीन शीट करू नका. एका शीटमध्ये केलेली दुरुस्ती दुसऱ्यात राहून जाते आणि हे हमखास सभेच्या आदल्या रात्री होतं. एकच शीट ठेवा. B स्तंभात तुमचे निर्णय, आणि C, D, E मध्ये अपेक्षित, चांगली, वाईट. निर्णयाचा आकडा एकाच पेशीत लिहायचा आणि तिन्ही स्तंभांनी तो तिथूनच उचलायचा. B4 मध्ये खरेदीचे क्विंटल, आठव्या ओळीत घट आणि नवव्या ओळीत विक्री भाव असेल, तर C स्तंभातलं विक्रीचं सूत्र असं:

```
=$B$4*(1-C8)*C9
```

हे उजवीकडे E पर्यंत ओढा. B4 भोवतीच्या डॉलर चिन्हांमुळे निर्णय जागेवर राहतो आणि घट व भाव स्तंभाप्रमाणे बदलतात. सूत्राच्या आत हाताने टाइप केलेला आकडा कुठेही नको. `` Ctrl+` `` दाबलं की सगळी सूत्रं उघडी दिसतात, तिथे एका ओळीतली तिन्ही सूत्रं एकाच घडणीची आहेत ना ते बघून घ्या.

मग ही परीक्षा करा: अपेक्षित स्तंभातली घट, भाव, महिने, सगळं D आणि E मध्ये उतरवा. तिन्ही शिलका तंतोतंत सारख्या यायला हव्यात. एका रुपयाचाही फरक आला तर कुठल्यातरी स्तंभात सूत्राऐवजी आकडा बसलेला आहे. ही परीक्षा झाल्याशिवाय मी तक्ता कोणाला पाठवत नाही.

सभेत हमखास कोणीतरी म्हणेल, तिन्हींची सरासरी काढा. २३.२५, ५ आणि उणे ३६.३५ यांची सरासरी उणे २.७० लाख येते, पण असं वर्ष या तिन्ही गोष्टींत कुठेच नाही. शिवाय साधी सरासरी काढताना तिन्ही वर्षं सारखीच शक्य आहेत असं आपण न बोलता धरून चालतो. तसं म्हणायला आपल्याकडे आधार नाही. तो आकडा कागदावर घेऊ नका.

मंजुरी फक्त अपेक्षित स्तंभाला घ्या, म्हणून तो मी सर्वात डावीकडे ठेवतो. दर महिन्याचे प्रत्यक्ष आकडे त्याच्याशीच ताडायचे. बाकीचे दोन स्तंभ वर्षभर बदलायचे नाहीत. भाव पडू लागला की वाईट स्तंभ आणखी खाली सरकवण्याचा मोह होतो, तसं केलं तर मार्चमध्ये ठरवलेली मर्यादा कुठे होती हेच हरवतं. नवीन अंदाज लागला तर F मध्ये ‘सुधारित’ असा चौथा स्तंभ काढा आणि त्यावर तारीख टाका.

आणि वाईट स्तंभाच्या अगदी खाली एक ओळ ठरावाच्या भाषेत असू द्या. उदाहरणार्थ: ‘१५ ऑगस्टनंतर निर्यातीवर शुल्क किंवा बंदी जाहीर झाली, अथवा लासलगावचा सरासरी भाव सलग सात लिलावांत १,८०० च्या खाली राहिला, तर आठ दिवसांत संचालक मंडळाची सभा घेऊन उरलेल्या साठ्याच्या विक्रीचं वेळापत्रक ठरवायचं, तोपर्यंत व्यवस्थापकाने आठवड्याला किमान ३०० क्विंटल विकायचे.’ भावाचा आकडा आणि क्विंटल तुमच्या चाळींच्या क्षमतेप्रमाणे बदला. पण ऑगस्टमध्ये ‘अजून आठ दिवस थांबू’ म्हणणारे लोक असतातच, तेव्हा हातात मार्चमध्ये सह्या झालेला हा ठराव असू द्या.